‘क्रिएटिनिन १०६, घाबरायचं का?’ : युनिट आणि रेंज नसलेला रिपोर्ट आला तर काय करायचं

रविवारी दुपारी जेवून नुकता आडवा झालो होतो, तेवढ्यात मावसबहिणीचा मेसेज आला. ती इंग्लंडमध्ये असते आणि मावशी सध्या सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेली आहे. मेसेजमध्ये ना नमस्कार ना प्रस्तावना, चार ओळी आणि शेवटी एक प्रश्न: ‘दादा, घाबरायचं कारण आहे का?’

```
Creat 106
Sugar 6.4
Vit D 42
TSH 5.1
```

हाच मेसेज सांगलीच्या घरच्या ग्रुपवर माझ्याआधी पोचला होता. मामांनी क्रिएटिनिन १०६ वाचून थेट डायलिसिसचा विषय काढला होता. एका मावसभावाने ‘शुगर ६.४ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, बॉर्डरवर आहे, भात कमी करा’ असा निकाल दिला होता. वहिनींनी ड जीवनसत्त्व ४२ बघून अंगठा टाकला होता. तिघांचाही हेतू चांगला होता, फक्त तिघांनीही इंग्लंडच्या पट्टीने मोजलेला आकडा सांगलीच्या पट्टीवर वाचला होता.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रिपोर्ट वाचून सह्या करण्यात वीसेक वर्षं गेली. तरी माझं उत्तर सगळ्यात निराश करणारं होतं: ‘अजून सांगता येत नाही. फोटो पाठव.’ लोकांना ही टाळाटाळ वाटते. डॉक्टरला एवढंही कळू नये का, असा सूर असतो. म्हणून या चार ओळी हातात घेऊन, मी त्या क्रमाने काय विचारतो आणि का, ते इथे लिहितो. घरात असा मेसेज आला तर तुम्हालाही याच क्रमाने जाता येईल.

पहिली पायरी: आधी माणूस, मग आकडा

माझा पहिला प्रश्न रिपोर्टबद्दल नव्हताच. ‘मावशी कशी आहे?’ एवढंच विचारलं. उत्तर आलं की पाय दुखतात, थकवा आहे, बाकी रोज बागेत चक्कर मारून येते, जेवण नीट आहे. म्हणजे फोटोची वाट बघायला वेळ होता.

हा प्रश्न पहिला असण्याला कारण आहे. पेशंटला धाप लागली असेल, छातीत दुखत असेल, गुंगी असेल, लघवी जवळजवळ बंद झाली असेल किंवा कुठून रक्त जात असेल, तर युनिटचा शोध घरी बसून लावायचा नसतो. कागद जसा आहे तसा घेऊन दवाखान्यात जायचं, युनिट तिथले लोक बघतील. उलटही खरं आहे. आकडा भयंकर दिसतोय आणि माणूस समोर बसून पोहे खातोय, तर आकड्याच्या नकलेवर पहिला संशय घ्यावा. खरोखर धोक्याचा आकडा निघाला तर लॅबने तो डॉक्टरला फोनवर कळवायचा असतो. पण फोन आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण फोन नंबरही चुकतात.

दुसरी पायरी: आकडा जिथून उचलला ती जागा बघा

बहिणीने आकडे फोनवरच्या अ‍ॅपवरून बघून हाताने टाइप केले होते. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे डॉक्टरही केसपेपरवर ‘हिमोग्लोबिन ११, क्रिएटिनिन १.२’ असंच लिहितात, युनिट लिहीत नाहीत. गावातल्या सगळ्या लॅब एकच युनिट वापरतात, त्यामुळे ते न लिहिताही वाचणाऱ्याला कळतं. तोच आकडा देश ओलांडून आला की ही न लिहिलेली समजूत मागेच राहते.

नक्कल करताना युनिटच गळतं असं नाही, आकडाही बदलू शकतो. डेंग्यूच्या दिवसांत ‘प्लेटलेट १८’ असा निरोप मला एकदा नाही, बऱ्याचदा आला आहे. आपल्याकडचे बरेच रिपोर्ट प्लेटलेट लाखात छापतात. तेव्हा १८ म्हणजे अठरा हजार असतील, किंवा १.८ लाखातला टिंब टाइप करताना गळला असेल. पहिल्या अर्थाने पेशंटला ताबडतोब दवाखान्यात दाखवायला हवं, दुसऱ्या अर्थाने प्लेटलेट नॉर्मल आहेत. डेंग्यूत दोन्ही शक्य असतात, त्यामुळे अंदाज करून भागत नाही. कागदच बघावा लागतो.

पीडीएफमधून कॉपी करून पेस्ट केलेल्या मजकुराची आणखी वेगळी गंमत आहे. कागदावर रकाने असतात, पेस्ट केल्यावर ते एका ओळीत कोसळतात आणि मग रिझल्ट कुठला, रेंजची टोकं कुठली हे ओळखता येत नाही. वर चढवून छापलेले छोटे अंक खाली उतरतात. ठळक छपाई, बाण, तारा गायब होतात. हे बघा:

```
कागदावर:        Platelet   165   10³/µL   150 - 410
पेस्ट केल्यावर:   Platelet 165 103/uL 150 410
```

यात १०३ नावाचा एक नवाच आकडा जन्माला आला. तो मूळचा दहाचा घात तीन, म्हणजे हजार. ग्रीक म्यू हे अक्षरही असंच दगा देतं. कधी त्याचं साधं यू होतं, ते चालतं. पण कधी त्याचं एम होतं आणि मायक्रोचं मिली झालं की हजारपटीचा फरक पडतो.

म्हणून टाइप केलेलं मागू नका, फोटो किंवा मूळ पीडीएफ मागा, आणि पानाचा वरचा-खालचा भाग कापू नका असंही सांगा. वर वय, स्त्री की पुरुष, रक्त घेतल्याची तारीख-वेळ असते. खाली शेरा असतो, ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’ वगैरे. रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम सिरममध्ये उतरतं आणि पोटॅशियम वाढलेलं दिसतं. तो एका ओळीचा शेरा कापला गेला तर पोटॅशियमचा अर्थच उलटा लागतो. नाव, मोबाइल नंबर आणि क्यूआर कोड मात्र झाकून पाठवायला हरकत नाही. काही ठिकाणी तो कोड स्कॅन केला की पूर्ण रिपोर्ट उघडतो, आणि ग्रुपवर कोण कोण आहे हे आपल्याला तरी कुठे माहीत असतं.

तिसरी पायरी: फोटो येईपर्यंत आकडा दोन्ही पट्ट्यांवर ठेवून बघा

भारतात बहुतेक चाचण्या वजनात सांगतात, म्हणजे एक डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये त्याच चाचण्या रेणूंच्या संख्येच्या हिशोबाने, मोलमध्ये सांगतात. रक्त तेच, पट्टी वेगळी. एका पट्टीवरून दुसरीवर जायला प्रत्येक पदार्थाचा वेगळा गुणक लागतो, कारण प्रत्येक रेणूचं वजन वेगळं असतं. आपल्याला लागणारे तीन हे:

```
creatinine:  µmol/L ÷ 88.4 = mg/dL
glucose:     mmol/L × 18   = mg/dL
vitamin D:   nmol/L ÷ 2.5  = ng/mL
```

आता क्रिएटिनिन घ्या. १०६ हा आकडा आपल्या ओळखीच्या मिलिग्रॅममध्ये असणं शक्य नाही. किडन्या पूर्ण बंद पडलेल्या माणसातही तो एवढा वर जात नाही. म्हणजे हे मायक्रोमोल आहेत. १०६ भागिले ८८.४, उत्तर १.२. मामांचं डायलिसिस इथेच संपलं. साखरेचंही तसंच. रक्तातली साखर ६.४ मिलिग्रॅम असेल तर मावशी बागेत फिरू शकत नाही, बेशुद्ध असेल. म्हणून ६.४ मिलिमोल, गुणिले १८, म्हणजे साधारण ११५. अर्थात हे ‘शुगर’ म्हणजे खरोखर रक्तातली साखर आहे असं धरून. त्याकडे पुन्हा येतो.

आता ड जीवनसत्त्व. ४२ नॅनोग्रॅम असेल तर भारतातली कुठलीही लॅब त्याला पुरेसं म्हणेल. ४२ नॅनोमोल असेल तर भागिले अडीच, म्हणजे १७ नॅनोग्रॅमच्या आसपास, आणि आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टवर २०च्या खाली ‘कमतरता’ असं छापलेलं असतं. दोन्ही आकडे चालत्याबोलत्या माणसात रोज सापडतात. त्यामुळे आकड्याकडे कितीही वेळ बघत बसलं तरी युनिट कळत नाही.

या सगळ्यातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथे आहे. गुणक मोठा असेल तर चुकीचं युनिट आपोआप उघडं पडतं, कारण आकडा अशक्य दिसतो. गुणक लहान असेल, दोन-अडीचचा, तर चूक लपून बसते, कारण दोन्ही वाचनं पटण्यासारखी असतात. लोक क्रिएटिनिन १०६ बघून घाबरतात आणि ड जीवनसत्त्व ४२ बघून निवांत होतात. खरं तर जास्त सावध दुसऱ्याबद्दल राहायला हवं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आखातातल्या एका मित्राने ‘डी ४८’ असं कळवलं आणि मी चालता चालता ‘एकदम झकास’ असं उत्तर दिलं. त्याने गोळ्या थांबवल्या. सहा महिन्यांनी सुट्टीवर आला तेव्हा कागद दाखवला, त्यावर स्वच्छ नॅनोमोल लिहिलं होतं. म्हणजे एकोणीस. तो हसला, मला काही हसू आलं नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. आकड्यावरून ओळखलेलं युनिट हा अंदाज असतो. फोटो येईपर्यंत घाबरलेल्याला शांत करायला तो पुरतो, गोळी सुरू किंवा बंद करायला पुरत नाही.

चौथी पायरी: चाचणीचं पूर्ण नाव विचारा

युनिट मिळालं की काम झालं असं वाटतं. पण नाव अर्धवट असेल तर युनिटही फसवतं.

‘शुगर ६.४’चंच बघा. मावसभावाने ते एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, धरलं, कारण आपल्याकडे एचबीए१सी टक्क्यांत असतं आणि ६.४ हा तिथला अगदी ओळखीचा आकडा आहे. ५.७ ते ६.४ मधुमेहाच्या आधीची पायरी, ६.५पासून पुढे मधुमेह. तो अंदाज मूर्खपणाचा नव्हता. पण इंग्लंडमध्ये एचबीए१सी टक्क्यांत देत नाहीत, तिथे ६.५ टक्क्यांच्या जागी ४८ छापलेलं असतं. तेव्हा हे ६.४ बहुधा त्या क्षणाच्या साखरेचं आहे. म्हणून बहिणीला विचारलं, ‘अ‍ॅपवर शुगर असं लिहिलंय का अजून काही?’ तिने बघून सांगितलं, ग्लुकोज. आणि हाच ६.४ पोटॅशियमसमोर असता तर मी दुपारची झोप सोडून फोन केला असता, कारण पोटॅशियम तेवढं खरंच वाढलं असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आणखी फसवं उदाहरण युरियाचं. काही लॅब ‘ब्लड युरिया’ देतात, काही ‘बीयूएन’, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. युनिट दोन्हीचं एकच, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पण बीयूएनला २.१४ने गुणल्यावर युरिया येतो. आज एका लॅबमध्ये बीयूएन १७ आला, पुढच्या महिन्यात दुसरीकडे युरिया ३६ आला, तर घरचे म्हणतात दुप्पट झाला. कणभरही वाढलेला नसतो. कोविडच्या काळात रक्ताच्या गुठळ्यांसाठीच्या डी-डायमर चाचणीने असाच गोंधळ घातला. तो दोन पद्धतींनी सांगतात, एफईयू आणि डीडीयू, आणि पहिल्यातला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असं युनिट लिहिलं असलं तरी ही तीन अक्षरं नसतील तर आकडा अर्धाच वाचलेला असतो. पुन्हा तेच, दुपटीचा फरक आणि म्हणून न दिसणारा.

पाचवी पायरी: रेंज कोणासाठी आहे ते बघा

टीएसएच या थायरॉइडच्या चाचणीबाबत युनिटची भानगड जवळजवळ नसते. आपल्याकडे छापतात ते मायक्रो-आययू प्रति मिलिलिटर आणि इंग्लंडमध्ये छापतात ते मिली-आययू प्रति लिटर, दोन्हीत आकडा तोच येतो. ५.१ म्हणजे ५.१. तरी अर्थ लागत नाही, कारण आता रेंज हवी.

रेंज म्हणजे निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. बऱ्याच चाचण्यांत ती अशी ठरते: निरोगी माणसांचा एक मोठा गट घ्यायचा, त्यांचे आकडे ओळीने मांडायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के धरायचे. म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एक जण कुठलंही दुखणं नसताना रेंजबाहेर पडतोच. वीस वेगवेगळ्या चाचण्यांचं पॅकेज केलं, तर निरोगी माणसाचीही निदान एक चाचणी बाहेर येण्याची शक्यता गणिताने ६४ टक्के निघते. चाचण्या एकमेकींशी बांधलेल्या असतात म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त होईल, पण लाल अक्षरात छापलेला एखादा आकडा का दिसतो ते यावरून कळावं. ‘फुल बॉडी’ करून घेतलेले लोक दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येतात ते बहुतेक याच एका लाल अक्षरासाठी.

मशीन बदललं की टीएसएचची रेंजही थोडी सरकते. कुठे वरची मर्यादा ४.२, कुठे ५च्या पुढे. त्यामुळे ५.१ एका लॅबमध्ये वाढलेलं आणि दुसरीत नॉर्मल असू शकतं. गरोदर बाई असेल तर हिशोब वेगळा आणि कडक. सत्तरीच्या पुढच्या माणसात टीएसएच थोडं वर असणं नेहमीचं, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरने ठरवलेलं लक्ष्य ही खरी रेंज. कधी छापलेली रेंज पेशंटची नसतेच. तेरा वर्षांच्या वाढत्या मुलाचा अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्यांच्या रेंजच्या दुप्पट दिसला की आईबाप लिव्हरच्या डॉक्टरकडे धावतात. तो बऱ्याचदा त्याच्या वाढणाऱ्या हाडांचा असतो.

काही रेंज मात्र निरोगी लोकांच्या गटावरून आलेल्याच नसतात. साखर, कोलेस्टेरॉल, ड जीवनसत्त्व यांच्या रेषा तज्ज्ञांनी ठरवलेल्या असतात, कुठल्या आकड्यापासून धोका वाढतो किंवा उपचार करायचा यावरून. त्यामुळे त्या देशागणिक बदलतात. मावशीचं ४२ नॅनोमोल इंग्लंडच्या नेहमीच्या पट्टीवर मधल्या घरात पडतं, ‘काहींना कमी पडू शकतं’ असं. तिथे २५च्या खाली कमतरता धरतात आणि ५०च्या वर पुरेसं. आपल्याकडे तोच नमुना १७ नॅनोग्रॅम म्हणून छापला गेला तर शेजारी ‘कमतरता’ असं येईल. म्हणून रेंज दुसऱ्या रिपोर्टवरून उसनी घ्यायची नाही. ज्या कागदावर आकडा आहे त्याच कागदावरची घ्यायची.

सहावी पायरी: वय, वेळ आणि जुना कागद

आता क्रिएटिनिन १.२कडे परत येऊ. भारतातल्या कित्येक रिपोर्टवर याच्या शेजारी काहीही खूण नसते, कारण रेंजची वरची मर्यादा १.२ किंवा १.३ असते. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. ज्याचे स्नायू कमी त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी असायला हवं. म्हणून वय आणि लिंग धरून किडनीची गाळण्याची क्षमता काढतात, तिला ईजीएफआर म्हणतात. २०२१चं सीकेडी-ईपीआय हे समीकरण वापरून मी दोन हिशोब केले. तीस वर्षांचा पुरुष, क्रिएटिनिन १.२: ईजीएफआर साधारण ८३. बहात्तर वर्षांची बाई, क्रिएटिनिन तेच १.२: साधारण ४८.

यातला पहिला माणूस घरी जाऊन निवांत झोपू शकतो. दुसरीची किडनी डॉक्टरने तपासायला हवी, कारण ईजीएफआर ६०च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. म्हणजे मामा १०६ बघून उगाच घाबरले हे खरं, पण मी ‘१.२ म्हणजे नॉर्मल’ असं कळवून मोकळा झालो असतो तर तेही चुकलं असतं. युनिटने भीती घालवली, वयाने थोडी परत आणली.

‘तीन महिन्यांहून जास्त’ या अटीमुळे जुना रिपोर्ट लागतो. सांगलीत मावशीची फाइल कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, एलआयसीच्या पावत्यांखाली सापडली. मावसभावाने उभ्या उभ्या फोटो काढून पाठवले. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन १.१, गेल्या वर्षी १.१, आणि आता १.२. लॅब वेगळ्या, देश वेगळे, आणि ०.१चा फरक तर एकाच माणसाच्या रक्तात आठवड्या-आठवड्यातही पडतो. म्हणजे अचानक बिघडलेलं नाही, पण बऱ्याच काळापासून काठावर आहे. हाच १.२ मागच्या महिन्यात ०.७ असता तर मी त्याच दिवशी डॉक्टर गाठायला सांगितलं असतं.

साखरेला वेळ लागते. ११५ उपाशीपोटी असेल तर नॉर्मलच्या वर आहे, नाश्त्यानंतर असेल तर काळजीचं काही नाही. बहिणीला विचारलं, रक्त कधी दिलं? ‘अकरा वाजता. आईने सकाळी टोस्ट आणि चहा घेतला होता, दोन चमचे साखर घालून.’ संपला विषय. अ‍ॅपवर नुसतं ‘ग्लुकोज’ होतं, उपाशीपोटी की जेवून हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त टोस्ट करून देणारीला माहीत होतं.

मग उत्तर काय लिहायचं

संध्याकाळी अ‍ॅपच्या पडद्याचे फोटो आले. चारही युनिट अंदाजाप्रमाणेच निघाली, ड जीवनसत्त्व नॅनोमोलच. क्रिएटिनिनची रेंज ४५ ते ८४, म्हणजे तिथल्या पट्टीवर ते वाढलेलंच होतं. टीएसएचची वरची मर्यादा ४.२. मी लिहिलं ते असं:

‘साखर ठीक आहे. ड जीवनसत्त्व कमीच आहे, पाय दुखण्याशी संबंध असू शकतो, तिथल्या डॉक्टरला डोस विचार, मनाने मोठा डोस देऊ नको. टीएसएच जरासं वर आहे, एका आकड्यावर गोळी ठरत नाही, दोन-तीन महिन्यांनी टी४ बरोबर पुन्हा करायला सांगतील. क्रिएटिनिन आपल्या हिशोबात १.२, घाबरण्यासारखं नाही, पण मावशीच्या वयाला किडनीचं काम कमी दाखवतं. सोबत जुने दोन रिपोर्ट पाठवतोय, ते डॉक्टरला दाखव आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी झाली आहे का विचार. गुडघ्यासाठी ती कुठली पेनकिलर घेते तेही सांग.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. इथून जाताना तिने गोळ्यांची दोन पाकिटं बॅगेत भरलेली मी पाहिली होती, आणि काही पेनकिलर किडनीवर ताण आणतात.

कागद मिळणारच नसेल, समोरचा फक्त फोनवर वाचून दाखवणार असेल, तर त्याच्याकडून प्रत्येक चाचणीची एक ओळ अशी भरून घ्या:

```
चाचणीचं पूर्ण नाव | आकडा (टिंबासकट) | युनिट | कागदावरची रेंज
वय, स्त्री/पुरुष | रक्त कधी दिलं, उपाशी की जेवून
चालू गोळ्या | याआधीचा आकडा, तारीख
खालचा शेरा, असल्यास
```

युनिट वाचता येत नसेल तर एकेक अक्षर सांगायला सांगा, ‘एम जी तिरकी रेघ डी एल’ असं. घरातली शाळकरी नात हे काम सगळ्यात नीट करते, मोठी माणसं मध्येच अर्थ लावायला लागतात. लहान-मोठं किंवा बाणासारखं चिन्ह असेल तर तेही वाचून घ्या. ‘०.०१पेक्षा कमी’ आणि ‘०.०१’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आठवड्याने बहिणीचा फोन आला. डॉक्टरने पेनकिलर बंद केली, लघवीची तपासणी सांगितली, ड जीवनसत्त्व सुरू केलं. मावशी पलीकडून ओरडून सांगत होती की इथल्या चहात साखर लागतच नाही, म्हणून दोन चमचे घालावे लागतात. ग्रुपवर मामांचा एकच प्रश्न उरला होता, ‘मग ते १०६ कुठे गेलं?’

मी उत्तर दिलं, ‘८८.४ने भागा.’

बराच वेळ त्यांच्या नावापुढे ‘टायपिंग’ दिसत होतं. मग आलं, ‘१.१९९. बरोबर?’